तिसरीच्या भिंतीवरचं इंद्रधनुष्य

“पाठ उन्हाला द्या, डोळे पाण्याला.”

उपासना टीचर हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. इंद्रधनुष्य शिकवताना म्हणायच्या ते ठीकच होतं, पण एखादं पोर गणित सोडून खिडकीबाहेर बघत बसलं तरी हेच, आणि गावातली माणसं वाटेत अडवून नको त्या चौकशा करायला लागली तरी हेच. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई काहीतरी टोचून बोलली. टोचणं त्यांच्या मनात नसायचं असंही नाही.

खडकेवाडी निपाणीपासून लांब नाही. बस फाट्यावर सोडते, तिथून उसाच्या कडेनं पाऊण मैल चालत यावं लागतं. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी. उपासना टीचर तिथं अतिथी शिक्षिका होत्या. अतिथी म्हणजे जूनमध्ये बोलवायचं, मार्चमध्ये विसरायचं. बोलवायचं की नाही ते शाळेच्या कमिटीच्या ठरावावर, आणि कमिटी म्हणजे सत्याप्पा अण्णा. अण्णांची नात दिपाली तिसरीत होती, त्यामुळे शाळेवर आपला हक्क आहे असं अण्णांना वाटायचं, आणि गावालाही तसंच वाटायचं.

टीचर निपाणीच्या. आई मनुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वाळलेलं पान हाताळताना मोडू नये म्हणून बायका त्यावर पाणी शिंपडायच्या. संध्याकाळच्या वेळी वखारीच्या अंगणात आईच्या हातातून पाण्याचा फवारा उडाला की आठ-नऊ वर्षांच्या उपासनाला त्यात रंग दिसायचे. दारात उभं राहिलं तर दिसायचे, आईच्या पलीकडं जाऊन बघितलं तर नाहीसे व्हायचे. असं का, हे तिला वखारीत कुणी सांगितलं नाही. शाळेत विचारलं तर बाईंनी सांगितलं, ते पुढच्या वर्षी येतंय. पुढच्या वर्षी त्या धड्याआधीच परीक्षा आली. मग डी.एड. होईपर्यंत तिनं ते स्वतःच शोधलं, पुस्तकात थोडं आणि तोंडात पाणी धरून उन्हात फुंकर मारत बरंचसं. कुणी दिलेलं नाही, आपण कमावलेलं आहे, हा ताठा त्यांच्या चालण्यातसुद्धा होता.

शाळेतल्या पहिल्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. स्वयंपाक करणाऱ्या मालुबाईनं माठातला तांब्या उचलला आणि त्यांच्या ओंजळीत वरून धार धरली. तोंडानं कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून टीचर घरून बाटली आणायला लागल्या. मालुबाईला त्याचं वाईट वाटलं की बरं वाटलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. पण पोरांना भात वाढताना ती टीचरच्या ताटाकडं बघायची नाही.

टीचर गोड होत्या असं मी म्हणणार नाही. मुलांच्या चित्रात इंद्रधनुष्याच्या शेजारी सूर्य दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. आमच्याकडं प्रत्येक पोर तसंच काढतं: मध्ये डोंगर, वर कमान, आणि कमानीच्या बाजूला दात काढून हसणारा सूर्य. टीचर विचारायच्या, सूर्य तिथं असता तर तुला कमान दिसली असती का? सूर्य तुझ्या पाठीमागं पाहिजे. समर्थ नावाचा मुलगा होता, त्यानं तीन वेळा सूर्य काढला. टीचरनी तो तीन वेळा खोडायला लावला. कागद फाटला, भोक पडलं, पोर रडलं. टीचर म्हणाल्या, भोक राहू दे, सूर्य गेला ना. त्या दिवशी समर्थच्या आईनं दारात उभं राहून त्यांच्या जातीचा उद्धार केला. तो त्यांनी ऐकला आणि वर्गात जाऊन पाढे म्हणून घेतले.

त्याच आठवड्यात त्यांनी कविता रचली. तिसरीच्या पोरांना धडा कळत नाही, गाणं कळतं, एवढा एकच विचार त्यामागं होता. चाल सोपी लावली, टाळ्या वाजवत म्हणायची.

पाठीला ऊन, पुढ्यात सर,
थेंबच थेंब हवेत वर.
पांढरा किरण थेंबात शिरला,
वाकला आणि रंगांत चिरला.
मागच्या भिंतीवर आपटून वळला,
बाहेर पडता पुन्हा कलला.

तांबडा वाकला सगळ्यांत कमी, म्हणून तो सगळ्यांच्या वर,
नारिंगी त्याच्या पाठीला, पिवळ्याचं त्याखाली घर.
हिरवा मधे, निळा मग, पारवा त्याच्या खाली,
जांभळा वाकला सगळ्यांत जास्त, शेवटची पाळी आली.

मुलांनी दोन दिवसांत ती पाठ केली. शेतात, ओढ्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून म्हणायला लागली. दिपालीला मात्र नुसतं म्हणून भागायचं नाही. ती हुशार होती, घरात लाडावलेली, त्यामुळे विचारायला भीत नसे. तिनं विचारलं, एका थेंबातनं सातही रंग बाहेर पडतात, तर मग आपल्याला एकेका ठिकाणी एकेकच का दिसतो? टीचर इतक्या खूश झाल्या की त्यांनी खडू खाली ठेवला. सांगितलं, प्रत्येक रंग आपापल्या वाकण्याप्रमाणं वेगळ्या दिशेला जातो. उंचावरच्या थेंबाचा तांबडा तेवढा तुझ्या डोळ्यात येतो, त्याचे बाकीचे रंग तुझ्या डोक्यावरून जातात. खालच्या थेंबाचा जांभळा डोळ्यात येतो, त्याचा तांबडा तुझ्या पायाशी पडतो. म्हणून ओळ कधी चुकत नाही. आणि तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या समर्थला दिसतं ते दुसऱ्या थेंबांचं. प्रत्येकाचं इंद्रधनुष्य वेगळं असतं.

दिपालीनं हे घरी जाऊन आजोबांना जसंच्या तसं सांगितलं.

जुलैत टीचरनी भिंत रंगवायला घेतली. तिसरीच्या वर्गाची बाहेरची भिंत, पोरं प्रार्थनेला जिच्यासमोर उभी राहतात ती. मुख्याध्यापक युवराज सर म्हणाले, काढा की, पंधरा ऑगस्टला उद्‌घाटन करू. टीचरनी भिंतीच्या बुडाशी खिळा मारला, सुताची दोरी बांधली, दोरीच्या टोकाला पेन्सिल, आणि आठ कमानी ओढल्या. प्रत्येक पट्टा चार बोटांचा. तीन रविवार शिडीवर चढून त्यांनी ते पट्टे रंगवले. सूर्य काढला नाही. कमानीखाली कविता लिहिली, अक्षरं अशी की निपाणीच्या पेंटरनं मान खाली घालावी.

रंग वाळायच्या आत कुणीतरी फोनवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. पहिल्या तासात अंगठे आले. दुसऱ्या तासात मष्णूनं विचारलं की मराठी शाळेच्या भिंतीवर तांबडा सगळ्यांत वर कुणाच्या सांगण्यावरून? मष्णू कमिटीचा सभासद, एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिवशी, काळी फीत बांधून निपाणीपर्यंत मोटारसायकल फिरवणारा. त्याचं म्हणणं असं की तांबडा आणि पिवळा म्हणजे त्यांचा कन्नड झेंडा, आणि आपला भगवा त्या दोघांत दाबून चेंगरलाय. हे वाचून खालच्या गल्लीतल्या एकानं, जो पंचायतीत कन्नड साहेबांबरोबर उठतो-बसतो, लिहिलं की उलट तांबड्या-पिवळ्याच्या मधे नारिंगी घुसवून झेंडा तोडलाय, ही तक्रार वर जाऊ शकते. संध्याकाळपर्यंत तिसरी गोष्ट निघाली. कुणी काढली ते कळलं नाही. निळा पट्टा बाकीच्यांपेक्षा जाड आहे. टीचर कुठल्या घरच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे या गोष्टीला पुरावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मष्णूनं टेप आणून मोजलं. निळा बाकीच्यांइतकाच भरला. तो म्हणाला, “मापाला सारखा हाय, पण दिसायला जाड दिसतोय.”

आजवर या गावात पाण्याच्या टाकीवरून, रस्त्यावरून, जत्रेच्या मानावरून कधी एकमत झालेलं नव्हतं. इंद्रधनुष्यावरून झालं. भिंत बदलली पाहिजे यावर सगळे एका दिवसात एक झाले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कमिटीची बैठक शाळेच्या अंगणात बसली. दुपार कलली होती, मधूनमधून भुरभुर येऊन पुन्हा ऊन पडत होतं. टीचरनी विनंती केली होती की बोलण्याआधी सगळ्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं. त्यासाठी त्यांनी दिपालीकडून अण्णांचा फवारणीचा नवा पंप मागवला होता, ज्यात अजून औषध पडलेलं नव्हतं. त्यांनी तो साध्या पाण्यानं भरला आणि पदर खोचून स्वतः पाठीवर बांधला. सगळ्यांना पश्चिमेकडं पाठ करून उभं केलं, समोर चिंचेची गर्द सावली. आपापल्या डोक्याची सावली शोधायला सांगितली आणि तिच्या वरच्या बाजूला नजर ठेवायला सांगितली. मग दांडा हलवला.

पाण्याची बारीक धूळ उठली आणि तिच्यात कमान उमटली. युवराज सरांनी आ वासला. अण्णांनी चष्मा पुसला. मष्णूसुद्धा क्षणभर सगळं विसरून पुढं सरकला, आणि सरकला तशी त्याची कमानही सरकली, हे बघून तो हसला. वर तांबडा होता. खाली उतरत नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, आणि सगळ्यांत आत जांभळा. टीचरनी पंप तीनदा मारला. तीनदा तीच ओळ.

त्यांनी सांगितलं की हा क्रम मी लावलेला नाही. किरण पाण्यात शिरताना आणि निघताना वाकतो, तांबडा कमीत कमी आणि जांभळा जास्तीत जास्त. ज्यानं कमी वाकायचं तो वर दिसतो. यात कुणाचा झेंडा नाही.

त्या पाच मिनिटांत टीचरना वाटलं असणार की जिंकलो. पाठीवर पंप होता, साडी भिजली होती, आणि चेहरा असा होता की बघणाऱ्याला वखारीतली ती पोर दिसावी.

अण्णा खुर्चीत बसले. त्यांनी पान लावलं, गालात धरलं, मग हळूच बोलले.

“टीचर, परवा आमच्या दिपीला तुम्ही सांगितलासा, ज्येचं त्येचं इंद्रधनुष्य निराळं असतं. खरं का खोटं?”

“खरं आहे अण्णा.”

“मग आमच्या गावाचं निराळं असलं तर बिघडलं कुठं?”

“जागा निराळी असते. क्रम नाही. तुम्ही आत्ता बघितला.”

“मी बघितला त्यो माझा. तुम्ही काढलाय त्यो तुमचा.” अण्णांनी सगळ्यांकडं बघितलं. “आता गाव आपला काढंल. तुमच्याच शास्त्रानं चाललोय की वो.”

हसण्याची अशी लाट उठली की झाडावरचे बगळे उडाले. टीचरनी अजून एकदा सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटलं होतं, हसण्यात कुणी ऐकलं नाही. शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी सगळ्यांत जास्त लाज वाटते, ज्यानं विचारलं त्याला खरं कळलंय आणि तरी तो मुद्दाम उलटं बोलतोय, हे दिसत असताना.

मग नवा क्रम ठरला, आणि तो ठरवताना कुणी भांडलं नाही. नारिंगी सगळ्यांच्या वर. त्याखाली तांबडा आणि पिवळा लागून, म्हणजे वरचे साहेब आले तर त्यांचंही समाधान. हिरवा मधे राहू द्यावा, शेतकऱ्याच्या गावात हिरवं कुठं काढून टाकता येतं? मग पारवा, मग जांभळा. आणि निळा सगळ्यांत खाली. जाड दिसतो म्हणून दोन बोटांचा.

कविताही बदलायची होती. अण्णांनी टीचरना सांगितलं की शुक्रवारपर्यंत तुमच्याच हातानं बदला, चाल छान आहे तीच राहू द्या, आणि नाही बदलली तर सोमवारपासून येण्याचे कष्ट घेऊ नका. आवाज अगदी मऊ होता. टीचर म्हणाल्या की मी खोटं लिहिणार नाही. युवराज सरांकडं वळून त्या म्हणाल्या, “सर, तिसरीच्या मुलांना उलटं पाठ करायला लावणार तुम्ही?”

युवराज सर दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे जिकडून वारं येईल तिकडं हलणारे गृहस्थ. ते म्हणाले, “पाठांतरच हाय ते टीचर. सातवीत गेल्यावर आपोआप सुधारंल.”

टीचरनी पंप परत दिला, तो मष्णूनं हौदावर नेऊन दोनदा विसळला. त्यात पाण्याशिवाय काहीच गेलेलं नव्हतं. विषारी औषध मारून आल्यावर तो एकदाच विसळतात. टीचर वर्गाच्या पायरीवर बसून पदर पिळत होत्या, त्यांच्यासमोरच हे चाललं होतं, आणि मष्णूनंही ते समोरच केलं.

शुक्रवारपर्यंत टीचरनी काही लिहिलं नाही. कविता युवराज सरांनीच लिहिली. त्यांना कविता जमत नव्हती, म्हणून त्यांनी पहिल्या सहा ओळी टीचरच्याच ठेवल्या. पुढच्या चार ओळींसाठी ते संध्याकाळी अण्णांच्या कट्ट्यावर बसले. शेवटची ओळ अण्णांनी सुचवली, असं तिथं बसलेले अजून सांगतात, आणि सांगताना हसतात.

नारिंगी वाकत नाही कधी, म्हणून तो सगळ्यांच्या वर,
तांबडा-पिवळा जोडीनं खाली, हिरव्याचं मधे घर.
पारवा मग जांभळा आला, निळा सगळ्यांच्या खाली,
वाकायची जुनी सवय त्याला, शेवटची पाळी आली.

शनिवारी निपाणीचा पेंटर आला आणि दुपारपर्यंत भिंत बदलली. टीचरच्या अक्षरांवर पांढरा हात फिरवला, पण एकाच हातात झाकलं नाही. नव्या ओळींच्या खालून जुनी तांबडी अक्षरं फिकट दिसत राहिली. पेंटर म्हणाला, दुसरा हात मारला तर जाईल. अण्णा म्हणाले, राहू दे, उन्हानं जाईल.

सोमवारपासून येऊ नका असं म्हटलेलं असूनही सोमवारी टीचरना बोलावणं गेलं. कारण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते युवराज सरांच्या लक्षात आलं होतं. पंधरा ऑगस्टला पोरांनी कविता म्हणायची होती, पाहुणे यायचे होते, आणि चाल फक्त टीचरनाच धरता येत होती. पोरं दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघून सूर उचलत नव्हती. निरोप घेऊन गेलेल्याला टीचरनी सांगितलं की नवी कविता मी म्हणून घेणार नाही. पण त्या आल्या. हजेरी घेतली, गणित शिकवलं, कवितेच्या तासाला बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. त्या का आल्या, हे मालुबाईनं त्यांना विचारलं होतं. टीचर म्हणाल्या, वर्ग माझा आहे. बस, एवढंच.

तालीम तेरा तारखेला होती. युवराज सरांनी स्वतः तिसरीला भिंतीसमोर उभं केलं. तेवीस पोरं. अण्णा आणि मष्णू शाळेच्या अंगणातल्या कट्ट्यावर बसले. मालुबाई स्वयंपाकघराच्या दारात डाळ निवडत होती.

पहिल्या सहा ओळी पोरांनी खणखणीत म्हटल्या. सातव्या ओळीला सगळी एका तोंडानं म्हणाली, तांबडा वाकला सगळ्यांत कमी. सरांनी थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. चाल तीच असल्यावर जिभेला जुनीच वाट सापडत होती, आणि जीभ आठ वर्षांची होती. तिसऱ्यांदा चुकल्यावर सरांनी लाकडी पट्टी घेतली.

अलीकडं मारायला बंदी आहे. हे सरांनाही माहीत होतं आणि कट्ट्यावरच्यांनाही. सरांनी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. प्रत्येकाला एकट्यानं ओळ म्हणायला सांगायचं, चुकलं की उजव्या हातावर एक. ज्याला आठवत होतं तेही पोर भीतीनं चुकायला लागलं. समर्थची पाळी आली. तो टीचरचाच विद्यार्थी, कागदाला भोक पाडून शिकलेला. त्यानं तांबडा म्हटलं. पट्टी पडली. पुन्हा विचारलं, तो पुन्हा तांबडा म्हणाला. हट्टानं म्हणाला की विसरून, कुणास ठाऊक. चौथ्या पट्टीला त्याच्या तळहाताची कातडी फाटली. तरी तो तोच शब्द म्हणाला, आणि कट्ट्यावरून मष्णू बोलला, “शिकवलंय चांगलं. सर, डावा बी घ्या.”

त्याच्यानंतर दिपाली होती. सर तिच्यापर्यंत आले आणि तिला न विचारताच पुढच्या मुलाकडं गेले.

टीचर पायरीवरून उठल्या. त्या आरडाओरडा करतील, पट्टी हिसकावून घेतील असं मालुबाईला वाटलं. तिनं सूप खाली ठेवलं. पण टीचर सरळ पोरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, सरांच्या आणि भिंतीच्या मधे. दोन्ही हात वर केले, रोज धरतात तसा ताल धरला. आणि गायला लागल्या.

पाठीला ऊन, पुढ्यात सर. पोरांनी सवयीनं सूर उचलला. सहा ओळी झाल्या. सातवीला टीचरनी भिंतीकडं बघितलं नाही, त्यांना बघायची गरज नव्हती. त्यांनी आवाज चढवला आणि स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, नारिंगी वाकत नाही कधी. पोरं अडखळली. त्यांनी बोट वर करून पुन्हा म्हटलं. पोरं मागून आली. तांबडा-पिवळा जोडीनं खाली. हिरव्याचं मधे घर. आवाज एका ठिकाणीही कापला नाही. निळा सगळ्यांच्या खाली, त्या म्हणाल्या. मग शेवटची ओळ आली, वाकायची जुनी सवय त्याला, आणि तीही त्यांनी तशीच म्हटली, पोरांच्या डोळ्यांत बघत, ओठ मोठे हलवत, म्हणजे मागच्या रांगेलाही शब्द दिसावेत.

एकदा म्हणून झालं नाही. पोरांना एका वेळेत येत नाही. त्यांनी ती तीन वेळा म्हणून घेतली. दुसऱ्या वेळी चार पोरं चुकली. तिसऱ्या वेळी कुणीच चुकलं नाही. समर्थ रक्ताळलेला हात चड्डीला पुसत होता, तोही बरोबर म्हणाला. पट्टी सरांच्या हातात नुसतीच राहिली.

कट्ट्यावरून अण्णांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, “बघा, मनात आणलं तर जमतंय की. उगीच गावाला शीण दिलासा.” आणि सरांना म्हणाले की टीचरना पुढच्या जूनलाही बोलवा, चांगलं शिकवतात.

टीचर वर्गात गेल्या, पिशवी घेतली, बाटली घेतली, हजेरीपत्रक टेबलावर सरळ करून ठेवलं. बाहेर येऊन समर्थजवळ थांबल्या. बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर धरलं, रुमालानं हात बांधला, आणि त्याला म्हणाल्या, “आता असंच म्हण. मार खाऊ नको.” एवढ्या वर्षांत त्यांनी एखाद्या पोराला चुकीचं उत्तर द्यायला सांगितल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. समर्थनं मान हलवली.

स्वयंपाकघराच्या दारापाशी मालुबाई उभी होती. टीचर तिच्या पुढून गेल्या. मालुबाईच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तिचं कामही कमिटीच्याच ठरावावर होतं, आणि कट्ट्यावरून अण्णा बघत होते. तिनं वाकून सूप उचललं.

सरांनी पोरांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं, पक्कं व्हावं म्हणून. टीचर फाटकाबाहेर पडल्या, उसाच्या कडेच्या वाटेला लागल्या. डोक्यावर पदर नव्हता, पाय रोजच्यासारखे भरभर पडत होते, बसला उशीर झाल्यासारखे. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. अण्णा थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांना फोन आला. मष्णूनं तंबाखू मळायला घेतली. फाट्याच्या वळणावर त्या उसाआड होईपर्यंत त्यांच्याकडं बघत होती ती एकटी दिपाली. रांगेत पाय जुळवून उभी, मान तेवढी वाटेकडं वळलेली, हातानं टाळी चालू. तिच्यावर पट्टी उगारायची कुणाची हिंमत नव्हती, तरी तिनं नव्या कवितेतला एकही शब्द चुकवला नाही.